पाच महिन्यांनी आलेला निरोप

परिचय मेळाव्यात ओळख व्हावी, दोन्ही घरांनी पत्रिका व माहिती पाहावी, मुलामुलींनी काही आठवडे फोनवर बोलावे आणि मग एके दिवशी एका बाजूने बोलणे एकदम थांबावे, असे प्रसंग हल्ली अनेक घरांना परिचयाचे आहेत. थांबलेले बोलणे बहुधा थांबलेलेच राहते. पण कधी कधी काही महिन्यांनी त्याच बाजूने एक लांबलचक, मन मोकळे करणारा निरोप येतो, आणि ज्याला तो येतो त्याची झोप उडते. उत्तर द्यावे का, केव्हा द्यावे, किती द्यावे, हे सांगणारे कोणी घरात नसते, कारण वडीलधाऱ्यांच्या काळी ही वेळच येत नसे. तेव्हा मध्यस्थ होता, आणि नकारसुद्धा त्याच्याच तोंडून कळे. असे एक उदाहरण थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. नावांची त्यात गरज नाही.

मुलगी सव्वीस वर्षांची, बार्शीच्या अडत व्यापारी घरातली, पुण्यात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरीस. मुलगा इचलकरंजीचा, वडिलांबरोबर सुताच्या व्यापारात. जानेवारीतील मेळाव्यात दोघांची भेट झाली. त्यानंतर सात आठवडे रोज रात्री बोलणे होत असे. ‘तुम्ही’चे ‘तू’ तिसऱ्या आठवड्यात झाले. मार्चच्या मध्यावर त्याने कळवले की मार्चअखेरची गडबड आहे, एप्रिलमध्ये निवांत बोलू. एप्रिल आला आणि गेला. तिने दोनदा विचारले, उत्तर नाही. तिच्या आईने मुलाच्या आईला दोनदा फोन केला, तो कोणी उचलला नाही. दरम्यान लातूरचे एक चांगले स्थळ ‘बोलणी चालू आहेत’ असे सांगून परत पाठवलेले होते, ते दुसरीकडे जमले. हा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, पण घराला तो ठाऊक असतो.

ऑगस्टमधील एका मंगळवारी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी त्याचा निरोप आला. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने चार-पाच वेळा वर सरकवावे लागेल एवढा लांब. आणि येत्या शनिवारी नाशिकचे एक कुटुंब तिला पाहायला येणार होते.

तिने त्या रात्री एकच गोष्ट बरोबर केली, आणि तीही ठरवून नव्हे. उत्तराच्या चौकटीत काही लिहिलेच नाही. आपण लिहू लागलो, खोडू लागलो, पुन्हा लिहू लागलो की समोरच्याला ‘टाइप करत आहे’ असे दिसत राहते. समोरचा जागा असेल, आणि असा निरोप पाठवून कोण लगेच झोपतो, तर त्याला ती सारी घालमेल दिसते. अर्धवट वाक्य चुकून गेलेच तर ते सर्वांसाठी पुसता येते हे खरे, पण पुसल्याची खूण मागे राहते, आणि ती खूण वाक्यापेक्षा अधिक बोलते. असे उत्तर वहीत लिहावे. वहीतला कागद फाडता येतो.

पहिल्या रात्री उत्तर न देण्याला आणखी एक कारण आहे. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच काळाने जुन्या परिचितांशी संपर्क साधण्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. संपर्क साधणाऱ्याला वाटते त्यापेक्षा समोरच्याला त्याचे मोल अधिक वाटते, आणि ते अधिक वाटण्यामागे अनपेक्षितपणाचा मोठा वाटा असतो, असे त्यात आढळले. साध्या, आनंदाच्या संपर्काबद्दलचा तो अभ्यास आहे, दुखावलेल्या मनांबद्दलचा नाही. तरी त्यातून एक गोष्ट ताडता येते. निरोप वाचताच मनात जी ऊब दाटते, तिच्यातला काही भाग त्या माणसाचा असतो आणि काही भाग निव्वळ आश्चर्याचा. आश्चर्याचा भाग दोन-तीन दिवसांत ओसरतो. जे उरते, त्याने उत्तर लिहावे.

मात्र दोन-तीन दिवस नुसते गप्प राहणेही बरे नव्हे. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा समोरच्याला दिसल्या आहेत. बुधवारी संध्याकाळी तिने पुण्यातच राहणाऱ्या आत्याला गाठले. आत्यांनी तीस वर्षे दुकानाची कीर्द-खतावणी स्वतः लिहिलेली, त्यामुळे कागदावरचे वाचण्याची त्यांची सवय वेगळी. तिने निरोपाची प्रत आत्यांच्या मोबाइलवर पाठवली नाही, आपलाच मोबाइल त्यांच्या हाती दिला. त्या निरोपात मुलाच्या घरच्या व्यवहाराची माहिती होती, आणि अशी माहिती एकदा एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेली की तिला मालक उरत नाही. मैत्रिणींच्या गटात अशा निरोपाचे छायाचित्र टाकून ‘काय उत्तर देऊ?’ असे विचारणाऱ्यांनी हा विचार अवश्य करावा. समोरच्याने चूक केली म्हणून त्याची पत बाजारात नेण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

आत्यांनी तो निरोप दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “आधी त्याला पोच दे. माल पाहून घेऊ, पण गाडी आली एवढं तरी कळवायला हवं ना?” त्याप्रमाणे तिने दोन ओळी धाडल्या : ‘तुझा निरोप वाचला. घाईने उत्तर द्यावे असा तो नाही. रविवारपर्यंत लिहिते.’ या दोन ओळींत राग नाही, आश्वासन नाही, फक्त दिवस आहे. तिला स्वतःला पाच महिने मिळाला नव्हता तो हाच, एक दिवस.

मग दोघी वही घेऊन बसल्या. “यात त्याने काय सांगितलंय, काय कबूल केलंय आणि काय मागितलंय, तेवढं वेगवेगळं लिही,” आत्या म्हणाल्या.

सांगितलेले पुष्कळ होते. फेब्रुवारीच्या अखेरीस परराज्यातील एका मोठ्या गिऱ्हाइकाने उधारीवर नेलेल्या सुताचे पैसे थकवले. धनादेश परत आले. बँकेतील कॅश क्रेडिटचे खाते मर्यादेबाहेर गेले आणि ते नव्वद दिवस तसेच राहिले तर अनुत्पादक ठरेल, या धास्तीने घर पोखरले. वडिलांनी घरात सर्वांना ताकीद दिली की बाहेर एक शब्द जाता कामा नये. अशा अवस्थेत लग्नाची बोलणी पुढे नेणे म्हणजे फसवणूक, आणि खरे सांगणे म्हणजे घरची आण मोडणे, म्हणून तो गप्प बसला. आता निम्मी रक्कम वसूल झाली होती, खाते मर्यादेत आले होते, आणि त्याला श्वास घेता येत होता.

कबूल केलेले थोडे, पण स्पष्ट होते. ‘तुला काहीही न कळवता मी गप्प बसलो, ही चूक माझी आहे, परिस्थितीची नाही’ असे एक वाक्य होते. तुझ्या आईंचे फोन आमच्याकडे मुद्दाम उचलले गेले नाहीत, हेही लिहिले होते. आणि एक वाक्य असे की संवत्सरीची वाट पाहून त्या दिवशी सर्वांना पाठवतो त्या ओळीत हे घालता आले असते, पण ते त्यात बसत नाही. आत्यांनी त्या वाक्याखाली नखाने रेघ ओढली.

क्षमेची मागणी तीन ठिकाणी होती. पण त्यापलीकडे? शेवटचे वाक्य होते : ‘तुला योग्य वाटेल ते कर.’

असे निरोप वाचताना नेमके काय पाहावे, याविषयी एक उपयोगी संशोधन आहे. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील रॉय लेविकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. दिलगिरीचे त्यांनी सहा घटक मानले : खेद, काय बिघडले याचा खुलासा, जबाबदारीची कबुली, पश्चात्ताप, नुकसान भरून देण्याची तयारी आणि क्षमेची याचना. त्यांनी लोकांसमोर ठेवलेले एक कल्पित उदाहरण व्यापारी वाचकांना जवळचे वाटेल. नोकरीसाठी आलेल्या एका हिशेबनिसाने पूर्वी गिऱ्हाइकाचे कर विवरणपत्र चुकीचे भरलेले असते, आणि तो त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. कोणती दिलगिरी लोकांना पटली? ‘चूक माझी’ ही कबुली सर्वांत प्रभावी ठरली, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी. क्षमेची याचना सर्वांत कमी उपयोगाची ठरली. हे निष्कर्ष कचेरीतल्या प्रसंगावरचे आहेत, मन गुंतलेल्या प्रसंगाला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण वाचणाऱ्याची नजर कुठे अडकते आणि कुठे अडकायला हवी, हे त्यातून उमगते. लांब निरोप वाचताना डोळे भरून येतात ते बहुधा खुलाशापाशी आणि याचनेपाशी. पाहायचे असते ते कबुलीपाशी आणि भरपाईपाशी. या निरोपात कबुली होती. भरपाईची जागा कोरी होती.

आणि मागणीचीही. ‘तुला योग्य वाटेल ते कर’ हे वाक्य दिसते नम्र, पण ते सारे ओझे वाचणाऱ्याच्या खांद्यावर ठेवून मोकळे होते. त्याला पुन्हा बोलणी सुरू करायची आहेत, की केवळ मनावरचा दगड उतरवायचा आहे? निरोपात ते कुठेच नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह इथे फार होतो. ती मनातल्या मनात ‘होय’ की ‘नाही’ असा विचार करू लागली होती, आणि तिला तसे कोणी विचारलेलेच नव्हते.

बुधवारी रात्री तिने पहिला मसुदा लिहिला. तो चार पानांचा झाला. लातूरचे स्थळ, आईचे फोन, मैत्रिणींपुढे सांगावी लागलेली खोटी कारणे, सारे त्यात आले, आणि सुरुवातच अशी : ‘संपला का तुमचा मार्चअखेर?’ हे वाक्य समोरासमोर बोलताना कदाचित खपले असते, कारण ओठांवर हसू असते. कागदावर हसू उमटत नाही. शिवाय ‘तू’वरून ती पुन्हा ‘तुम्ही’वर गेली होती. मराठीत हा एक फार धारदार बदल आहे. जवळच्या माणसाला अचानक ‘तुम्ही’ म्हटले की तो आदर राहत नाही, दार लोटल्यासारखे होते. दार लोटायचेच असेल तर तसे लिहावे, सर्वनामाकडून ते काम करून घेऊ नये. तो मसुदा तिने फाडला नाही, पाठवलाही नाही. असे चार पानी उत्तर लिहून काढणे आवश्यकच असते. ते आपल्यासाठी असते इतकेच.

दुसरा मसुदा गुरुवारी सकाळी, ऑफिसला जाण्यापूर्वी. तो अगदी उलट. ‘काही हरकत नाही. तुझ्यावर काय प्रसंग आला होता हे कळून वाईट वाटले. मी तर ते सारे कधीच विसरले. काळजी घे.’ तो वाचून आत्या म्हणाल्या, “विसरलीस? मग काल रात्री चार पानं कुणी लिहिली?” हा मसुदा पहिल्यापेक्षा अधिक घातक होता, कारण तो सभ्य दिसत होता आणि सहज पाठवला गेला असता. व्यापारात ‘भरून पावले’ अशी पावती कोणी रक्कम हाती येण्यापूर्वी लिहून देत नाही. एकदा ती दिली की पुढे ‘अमुक बाकी होती’ असे म्हणता येत नाही. ‘मी कधीच विसरले’ ही तशीच पावती आहे. पुढे कधी बोलणी सुरू झाली असती आणि पाच महिन्यांची ती ठसठस वर आली असती, तर समोरचा रास्तपणेच म्हणाला असता की तूच तर विसरले म्हणाली होतीस.

क्षमा करणे आणि व्यवहार पुन्हा सुरू करणे यांतील फरक व्यापारी घरांना समजावून सांगावा लागत नाही. बुडालेल्या उधारीबद्दल मनातला राग काढून टाकणारे कितीतरी जण असतात, त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा उधार माल देणारे थोडे. पहिली गोष्ट तिला त्याच दिवशी करता आली असती. दुसरीसाठी माहिती हवी होती, आणि ती त्या निरोपात नव्हती.

गुरुवारी रात्री तिने बार्शीला फोन करून आईवडिलांना सांगितले. उत्तर काय द्यायचे हा तिचा प्रश्न होता, पण शनिवारी घरी पाहुणे येणार होते, आणि असा निरोप आला आहे हे दडवून त्यांच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन जाणे तिला जमणारे नव्हते. निरोप वाचून दाखवला नाही, आकडे सांगितले नाहीत. त्यांच्या धंद्यात मोठी अडचण आली होती, एवढेच सांगितले. आई पहिल्यांदा म्हणाली ती तिच्या दुखऱ्या जागेवरूनच : “माझा फोन दोनदा वाजून बंद झाला. तेव्हा एक हातसुद्धा मोकळा नव्हता का कुणाचा?” वडिलांनी रक्कम विचारली नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “बाजारात कुणकुण लागली की सगळे देणेकरी एकाच दिवशी दारात येतात. अशा वेळी तोंड बंद ठेवावंच लागतं, ते मला कळतं. पण कारण सांगता येत नाही म्हणजे काहीच सांगता येत नाही असं नाही. ‘घरी अडचण आहे, आत्ता बोलू शकत नाही, वाट पाहू नका,’ एवढं लिहायला काय हरकत होती?”

तिला पाच महिने जे सांगता येत नव्हते ते वडिलांनी एका वाक्यात सांगितले होते. गुपित राखणे समजण्यासारखे होते, नाहीसे होणे नव्हते. त्याचा सारा खुलासा गुपिताचा होता. नाहीसे होण्याचा खुलासा त्यात नव्हताच. अशा निरोपांना उत्तर लिहिताना ही फट सापडली की उत्तर आपोआप आखूड होते, कारण मग चार पानांची तक्रार एका वाक्यात मावते.

शनिवारच्या पाहुण्यांचे काय, हा प्रश्न उरला. एका निरोपाच्या भरवशावर आलेले स्थळ सोडून देणे शहाणपणाचे नव्हते. पण मन दुसरीकडे असताना त्या मुलासमोर जाऊन बसणे म्हणजे त्यालाही तशाच अधांतरी अवस्थेत ठेवणे झाले असते. वडिलांनी नाशिकला फोन केला : “या शनिवारी जमत नाही. कारण आमच्या घरचं आहे, तुमच्याकडचं काही नाही. पंधरा दिवसांत होय की नाही ते मी स्वतः कळवतो. मध्ये तुम्हाला दुसरीकडे पाहायचं असेल तर जरूर पाहा.”

तिसरा मसुदा शुक्रवारी रात्री झाला आणि शनिवारी सकाळी तिने तो पाठवला. रात्री लिहिलेले सकाळी एकदा वाचून मगच पाठवावे, ही जुनी सवय मोबाइलच्या काळातही सोडू नये. सुरुवातीला ‘प्रिय’ नव्हते, नुसते नावही नव्हते. ‘नमस्कार’ होते. मजकूर असा :

‘नमस्कार. तुझा निरोप मी तीन-चार वेळा वाचला. घरावर एवढा प्रसंग आला असताना तू आणि तुझे वडील कसे दिवस काढत असाल याची मला कल्पना नव्हती. खाते मर्यादेत आले हे वाचून बरे वाटले. हे मी कोणाला सांगणार नाही.

तू कारण सांगू शकत नव्हतास हे मला समजते. पण वाट पाहू नको, एवढे तू सांगू शकत होतास. ते न सांगितल्यामुळे मला आणि विशेषतः माझ्या आईला जे सोसावे लागले ते अजून विसरता आलेले नाही. माझ्या मनात तुझ्याबद्दल राग नाही. आईचे मी सांगू शकत नाही. तिच्याशी तुमच्या घरून कोणीतरी बोलायला हवे असे मला वाटते, आणि ते पुढे काही होवो न होवो.

“योग्य वाटेल ते कर” असे तू लिहिले आहेस. तुला काय हवे आहे ते मला त्यातून कळले नाही. उद्या रविवारी सायंकाळी पाच वाजता मी मोकळी आहे. सांगावेसे वाटले तर फोन कर.’

सव्वाशे-दीडशे शब्दांचे हे उत्तर. त्याच्या निरोपाच्या मानाने फारच छोटे, आणि तसेच असायला हवे. लांब निरोपाला तेवढेच लांब उत्तर दिले की प्रत्येक वाक्याला एक नवे वाक्य फुटते आणि मुख्य गोष्ट हरवते. त्याच्या प्रसंगाची दखल आधी, आपले दुखणे एकदाच आणि नेमके, त्यानंतर एक प्रश्न. गोपनीयतेचे एक वाक्य तिने आपणहून घातले, ते विशेष. असा निरोप पाठवणाऱ्याला, व्यापाऱ्याच्या मुलाला तर अधिकच, सर्वांत मोठी धास्ती तीच असते. तिने भावना शब्दांत ओतल्या नाहीत, पण जुन्या दिवसांची आठवण नाकारलीही नाही. आपण एकेकाळी त्याला पसंत करीत होतो याची लाज वाटून कोरडेपणा आणण्याचे काही कारण नसते.

हे सारे अर्थातच अशा माणसापुरते, ज्याने चूक केली पण कपट केले नाही. ज्याने पूर्वीही दोन-तीनदा असेच नाहीसे होऊन, परत येऊन, पुन्हा तेच केले आहे, त्याचा निरोप कितीही हृदयस्पर्शी असो, त्याला पोचेपलीकडे काही देणे लागत नाही. धमकी दिली असेल, त्रास दिला असेल, पैसे उकळले असतील, तर पोचही नको. निरोप मात्र पुसू नये, जपून ठेवावा. वाचणाऱ्याचे लग्न दुसरीकडे ठरले असेल तर दोन ओळी पुरतात, आणि त्या ज्याच्याशी ठरले आहे त्याला आधी दाखवून पाठवाव्यात, म्हणजे पुढे खुलाशाची वेळ येत नाही. एक प्रसंग मात्र या सर्व हिशेबाच्या बाहेरचा. निरोपात जगण्याचा कंटाळा आल्याचा, सारे संपवण्याचा सूर असेल तर मसुदे करीत बसू नये. त्याच क्षणी फोन करावा, त्याच्या घरच्या जवळच्या माणसाला कळवावे आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. तेव्हा जुन्या रुसव्याचे काही मोल नसते.

रविवारी पाच वाजून दोन मिनिटांनी फोन आला. पाऊण तास बोलणे झाले. तिने तोच प्रश्न विचारला, तुला काय हवे आहे? तो बराच वेळ थांबला आणि प्रामाणिकपणे म्हणाला की नक्की सांगता येत नाही. अजून वर्षभर तरी घरात लग्नाचा विषय काढता येणार नाही. पण हे तुला सांगितल्यावाचून राहवत नव्हते. तिला याचे जेवढे वाईट वाटेल असे वाटले होते तेवढे वाटले नाही. निरोपातील ऊब खरी होती, पण ती मोकळे होण्याची होती, बोलावण्याची नव्हती. मंगळवारी रात्रीच ‘होय’ लिहून मोकळी झाली असती, तर हे कळायला कदाचित आणखी सहा महिने लागले असते. “वर्षभर मी थांबणार नाही, आणि तूही मला थांबायला सांगू नकोस,” ती म्हणाली. तो म्हणाला, “नाही सांगणार.” मग दोघे सुताच्या भावावर आणि तिच्या परीक्षेवर दहा मिनिटे बोलले. जानेवारीत बोलत तसेच.

बुधवारी दुपारी मुलाच्या आईंचा बार्शीला फोन आला. तीन-चार मिनिटांचे बोलणे. आईने नंतर मुलीला फक्त एवढेच सांगितले की त्या रडत होत्या, आणि मी त्यांना दिवाळीनंतर घरी या म्हटले. आईची तक्रार त्यानंतर कोणी ऐकली नाही.

पर्युषण त्या वर्षी त्याच पंधरवड्यात सुरू झाले. त्याआधी, ठरलेल्या मुदतीच्या चौदाव्या दिवशी, सकाळी दुकानाचे शटर वर करण्यापूर्वी वडिलांनी नाशिकचा क्रमांक लावला. “पंधरा दिवसांचा वायदा होता, एक दिवस आधीच कळवतो,” ते म्हणाले. “पर्युषण झाल्यावर येताय का?”